पासवर्ड बदलल्यावर वाय-फाय ओळख नाकारते तेव्हा : एड्युरोम वापरणाऱ्या नवागतांसाठी

विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या वाय-फायला जोडताना घरच्या राउटरसारखी एकच सामायिक किल्ली चालत नाही. प्रत्येकाला स्वतःचे वापरकर्तानाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. जगभरच्या शैक्षणिक संस्थांमध्ये चालणारे एड्युरोम हे अशा जाळ्याचे सर्वांत परिचित उदाहरण असून भारतात त्याची राष्ट्रीय पातळीवरची व्यवस्था अर्नेट इंडिया पाहते. या जाळ्यावर एक अडचण इतक्या नियमाने येते की आमच्या संगणक केंद्रात तिचे वाक्यही ठरून गेले आहे : "सर, पासवर्ड कालच बदलला, मेल उघडतो, पण वाय-फाय नाव घेत नाही." तक्रार करणारा खोटे बोलत नसतो. त्याचे नाव वैध असते, नवा पासवर्डही बहुतेक वेळा बरोबर असतो, आणि तरीही वाय-फाय नकार देते. ही गाठ कोणत्या क्रमाने सोडवावी, हे या लेखात सांगितले आहे. क्रमावर माझा भर आहे, कारण योग्य कृती चुकीच्या क्रमाने केली की साधी अडचण तासाभरात बिकट होते.

नकार कोण देते

तुमचा फोन ज्या वाय-फाय यंत्राशी बोलतो, त्या छतावरच्या पांढऱ्या डबीला तुमचा पासवर्ड ठाऊक नसतो आणि तो कधी कळतही नाही. ती डबी फक्त निरोप्याचे काम करते. फोनचा निरोप ती संस्थेच्या रेडियस सर्व्हरकडे पोहोचवते, रेडियस सर्व्हर तो वापरकर्त्यांच्या नोंदवहीशी ताडून पाहतो, आणि "येऊ द्या" किंवा "येऊ देऊ नका" एवढेच उत्तर परत पाठवतो. अनेक संस्थांमध्ये ही नोंदवही मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असते. तुम्ही दुसऱ्या शहरातल्या संस्थेत पाहुणे म्हणून गेलात, तर तिथला सर्व्हर तुमच्या नावातील @ नंतरचा भाग वाचून निरोप तुमच्या मूळ संस्थेकडे पाठवतो आणि निर्णय तिथेच होतो. म्हणून पासवर्ड बदलल्यानंतरची तक्रार यजमान संस्थेकडे करून काहीही साधत नाही. त्यांच्याकडे तुमची नोंद नसतेच.

दुसरी गोष्ट अशी की पासवर्ड बहुधा जसाच्या तसा पाठवला जात नाही. पीईएपी आणि एमएस-चॅप आवृत्ती 2 ही ओळख पटवण्याच्या पद्धतींची जोडगोळी वापरणाऱ्या जाळ्यांत, आणि अशी जाळी खूप आहेत, सर्व्हर एक यादृच्छिक आव्हान पाठवतो आणि फोन पासवर्डपासून बनवलेल्या सांकेतिक ठशाच्या आधारे त्याचे उत्तर काढून पाठवतो. सर्व्हर स्वतःजवळच्या ठशावरून तेच गणित करतो आणि उत्तरे जुळतात का ते पाहतो. या गणितात वापरकर्तानावही मिसळलेले असते, त्यामुळे नाव लिहिण्यातला फरकही सर्व्हरला पासवर्ड चुकल्यासारखाच दिसू शकतो. तुमच्या पडद्यावर मात्र कारण काहीही असले तरी जवळपास एकच वाक्य उमटते. आयफोन `Unable to join the network` म्हणतो, विंडोज `Can't connect to this network` म्हणते, आणि एवढ्यावरून जुना पासवर्ड गेला, खाते बंद पडले की नाव चुकले, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून कारण पडद्यावर न शोधता पुढील तपासणीतून शोधावे लागते.

एक प्रत्यक्ष प्रकरण

एका संशोधक विद्यार्थिनीने शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता संस्थेच्या पोर्टलवर पासवर्ड बदलला. लॅपटॉप आणि फोन दोन्ही वाय-फायवर होते आणि ते तसेच चालत राहिले, म्हणून नवा पासवर्ड सगळीकडे आपोआप पोहोचला असा तिचा समज झाला. वास्तविक तसे काही झाले नव्हते. एकदा ओळख पटली की त्या ओळखीतून तयार झालेली किल्ली उपकरण आणि वाय-फाय यंत्रणा काही तास, अनेकदा 12 तासांपर्यंत, जपून ठेवतात आणि तेवढ्या काळात पासवर्ड पुन्हा विचारला जाईलच असे नाही. त्याशिवाय ॲक्टिव्ह डिरेक्टरीची एक कमी माहीत असलेली सवय आहे : पासवर्ड बदलल्यावर या प्रकारच्या जाळ्यावरील ओळखीसाठी जुना पासवर्डही मूळ मांडणीनुसार 60 मिनिटे स्वीकारला जातो. त्यामुळे पासवर्ड बदलणे आणि वाय-फाय तुटणे यांत बराच वेळ जातो, कधी रात्र जाते, आणि या दोन घटनांचा संबंध माणसाच्या ध्यानातच येत नाही.

सोमवारी सकाळी लॅपटॉपने नकार दिला. तिने लॅपटॉपवरील जुनी जोडणी पुसली आणि नव्याने भरताना नावाच्या जागी `s2301` एवढेच लिहिले, कारण पोर्टलवर तेवढेच चालत होते. पूर्वी तिथे `s2301@example.org` असे पूर्ण नाव होते, परंतु ते दोन वर्षांपूर्वी कोणीतरी भरून दिले होते. पुन्हा नकार आला. नवा पासवर्डच सर्व्हरपर्यंत पोहोचला नसावा असे वाटून तिने तो दुपारपर्यंत आणखी दोनदा बदलला, आणि इथे प्रकरणाने वळण घेतले.

बॅगेतल्या फोनमध्ये अजून शुक्रवारच्याही आधीचा पासवर्ड होता आणि तो फोन दर थोड्या वेळाने स्वतःहून जोडणीचा प्रयत्न करीत होता. ॲक्टिव्ह डिरेक्टरी नुकत्याच वापरात असलेल्या एक-दोन पासवर्डांचे प्रयत्न सहसा चुकांमध्ये मोजत नाही. विसरभोळ्या फोनांसाठी ठेवलेली ती सवलतच म्हणायची. तीनदा बदल झाल्यावर मात्र फोनमधला पासवर्ड त्या सवलतीच्या बाहेर गेला. संस्थेच्या नियमाप्रमाणे 10 चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते 30 मिनिटे कुलूपबंद होत असे. फोनने ते 10 प्रयत्न मालकिणीच्या नकळत पूर्ण केले, आणि मग सकाळी उघडणारा मेलही दुपारी उघडेना. ती आमच्याकडे आली तेव्हा एकाच वेळी तीन दोष होते : लॅपटॉपवर अपुरे नाव, फोनमध्ये जुना पासवर्ड, आणि खात्याला कुलूप. यांतला कोणताही एकच दोष दुरुस्त केला असता तरी लॅपटॉप जोडला गेला नसता.

पायरी 1 : आधी सगळी उपकरणे गप्प करा

पहिला नकार येताच पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याचा मोह आवरावा आणि पासवर्ड दुसऱ्यांदा तर मुळीच बदलू नये. प्रथम आपली कोणकोणती उपकरणे या जाळ्याला कधीतरी जोडली होती, याची यादी करावी. फोन आणि लॅपटॉप सर्वांना आठवतात. विसरली जातात ती उपकरणे वेगळी असतात : टेबलाच्या खणातला जुना फोन, वाचनासाठी घेतलेला टॅबलेट, हाताला बांधलेले घड्याळ, प्रयोगशाळेतल्या सामायिक संगणकावर एकदा "फक्त आजच्यापुरती" भरलेली माहिती, आणि मित्राला अडचणीच्या वेळी जोडून दिलेला त्याचा लॅपटॉप. या शेवटच्या दोन गोष्टी करूच नयेत हे खरे, परंतु केल्या असतील तर आता त्या आठवणे अधिक महत्त्वाचे आहे.

या सर्व उपकरणांवरचे वाय-फाय बंद करावे. आयफोनवर वरून खाली ओढून येणाऱ्या पटलावरचे वाय-फायचे चिन्ह दाबल्याने वाय-फाय पूर्ण बंद होत नाही, केवळ त्या वेळची जोडणी सुटते. म्हणून `Settings` मध्ये जाऊन ते बंद करावे. एखादे उपकरण घरी राहिले असेल आणि घर संस्थेच्या आवारात नसेल, तर त्याची चिंता नको, कारण जाळ्याच्या टप्प्यात आल्याशिवाय ते प्रयत्न करू शकत नाही. वसतिगृहात राहणाऱ्यांना मात्र खोलीत परत जावे लागेल.

पायरी 2 : वाय-फाय सोडून इतरत्र पासवर्ड पडताळा

मोबाइल डेटा सुरू करून ब्राउझरची खाजगी खिडकी उघडावी आणि संस्थेच्या मेलमध्ये किंवा पोर्टलवर नवा पासवर्ड हाताने टाइप करून प्रवेश करून पाहावा. खाजगी खिडकीचा आग्रह अशासाठी, की नेहमीच्या खिडकीत तुम्ही आधीपासून आत असता आणि ब्राउझर पासवर्ड न विचारताच मेल दाखवतो. "मेल उघडतो" या वाक्यामागे पुष्कळदा एवढेच असते.

प्रवेश मिळाला, तर पासवर्ड तुम्हाला नीट आठवतो आहे आणि खाते त्या क्षणी खुले आहे, एवढे निश्चित झाले. पुढच्या पायरीकडे जावे. प्रवेश मिळाला नाही, तर दोन शक्यता उरतात. पासवर्ड चुकीचा आठवत असेल किंवा खाते कुलूपबंद असेल. या दोन्हींतला फरक संकेतस्थळ अनेकदा मुद्दामच सांगत नाही, कारण तो सांगितला तर पासवर्डचा अंदाज घेणाऱ्या चोरालाही मदत होते. अशा वेळी सर्व उपकरणे गप्प ठेवून संस्थेच्या नियमानुसार कुलपाचा कालावधी संपू द्यावा. तो ठाऊक नसल्यास संगणक केंद्राला विचारावा. मग एकदाच, सावकाश टाइप करून पाहावे. आता प्रवेश मिळाला, तर कुलूपच होते. तरीही न मिळाल्यास पासवर्डच चुकतो आहे असे समजून तो पुन्हा निश्चित करून घ्यावा. संगणक केंद्राकडून कुलूप काढून घेतले तरी हाच नियम लागू होतो : जुना पासवर्ड पाठवणारे उपकरण मोकळे असेल, तर काढलेले कुलूप पुन्हा लागते आणि ते काढणाऱ्यालाही आपले काही चुकले असे वाटू लागते.

पायरी 3 : पुसण्यापूर्वी लिहून घ्या

जुनी जोडणी पुसून नव्याने भरणे हा उपाय सर्वांना माहीत असतो. पण पुसताना केवळ पासवर्डच नाही, तर नावाचे पूर्ण रूप, सर्व्हर खरा असल्याची खात्री देणाऱ्या प्रमाणपत्राची निवड आणि सर्व्हरचे नाव हेही निघून जाते, आणि नवा माणूस ते अंदाजाने भरतो. वरच्या प्रकरणातील विद्यार्थिनीचे नेमके हेच झाले. म्हणून पुसण्यापूर्वी त्या जोडणीचा तपशील दाखवणारे पान उघडून त्याचे छायाचित्र घ्यावे. तिथे दिसणारा त्या उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे जाळ्यावर ते उपकरण ज्याने ओळखले जाते तो क्रमांक, तोही टिपून ठेवावा. अलीकडचे फोन प्रत्येक जाळ्यासाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता वापरतात आणि जोडणी पुसल्यावर तो बदलू शकतो, पुढे सर्व्हरच्या नोंदीत "हा कोणाचा फोन?" असा प्रश्न आला, तर हाच पत्ता कामी येतो.

जोडणी कशी पुसायची हे उपकरणावर अवलंबून आहे, आणि इथे थोडे थांबून समजून घेण्यासारखे आहे.

अँड्रॉइडवर वाय-फायच्या यादीतील जाळ्याच्या नावावर जाऊन `Forget` निवडता येते. परंतु जोडणी एखाद्या ॲपच्या मदतीने बसवली असेल, उदाहरणार्थ `geteduroam`, तर ती सेटिंग्जमध्ये नीट बदलता येत नाही. तेव्हा त्याच ॲपमध्ये जाऊन संस्था पुन्हा निवडावी आणि नवे नाव-पासवर्ड तिथेच द्यावेत. ॲपची जोडणी तशीच ठेवून त्याच नावाची दुसरी जोडणी हाताने भरली, तर एकाच नावाच्या दोन नोंदी राहतात आणि फोन त्यांतली कोणती वापरतो हे तुम्हाला सांगता येत नाही.

आयफोनवरही हाच धोका वेगळ्या रूपात असतो. जोडणी प्रोफाइल म्हणून, म्हणजे तयार मांडणीच्या फाइलमधून, बसवलेली असेल, तर `Settings`, `General`, `VPN & Device Management` या वाटेने जाऊन ते प्रोफाइल काढावे लागते. पासवर्ड त्या प्रोफाइलमध्येच बंदिस्त असतो. ॲपलच्या मॅक संगणकावर प्रोफाइल नसेल, तर `Keychain Access` मध्ये जाळ्याच्या नावाने `802.1X Password` या प्रकारची नोंद सापडते. जोडणी विसरूनही मॅक जुनाच पासवर्ड पाठवीत असल्याचा संशय आला, तर ती नोंद पुसावी.

विंडोजवर जाळे विसरण्यासाठी सेटिंग्जची वाट आहेच, पण मला पुढील आज्ञा अधिक खात्रीची वाटते, कारण जोडणी खरोखर गेली की नाही हे ती लगेच सांगते.

```
netsh wlan show profiles
netsh wlan delete profile name="eduroam"
```

संस्थेने दिलेल्या विंडोज लॅपटॉपवर आणखी एक गुंता असतो. त्यावर अनेकदा विंडोजमध्ये प्रवेश करतानाचेच नाव आणि पासवर्ड आपोआप वाय-फायला देण्याची सोय सुरू केलेली असते. तुम्ही पासवर्ड फोनवरून किंवा पोर्टलवर बदललात, तर लॅपटॉपला तो बदल कळलेलाच नसतो. तो साठवलेल्या जुन्या पासवर्डानेच तुम्हाला आत घेतो आणि वाय-फायला तोच देतो. वाय-फाय मिळत नाही म्हणून लॅपटॉपला नवा पासवर्ड कळत नाही, आणि नवा पासवर्ड कळत नाही म्हणून वाय-फाय मिळत नाही. हे चक्र तोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लॅपटॉप संस्थेच्या तारेच्या जाळ्याला जोडणे, पडदा कुलूपबंद करणे आणि नव्या पासवर्डाने तो उघडणे. विंडोज 11 च्या 22H2 आवृत्तीपासून एंटरप्राइज आणि एज्युकेशन प्रकारांत `Credential Guard` हे संरक्षण पात्र संगणकांवर आपोआप सुरू होते आणि एमएस-चॅप आवृत्ती 2 साठीची ही आपोआप देण्याची सोयच ते रोखते. तुमच्या लॅपटॉपची अडचण नेमकी आवृत्ती बदलल्यानंतर सुरू झाली असेल, तर पासवर्डाला दोष देण्यापूर्वी हे कारण संगणक केंद्राच्या कानावर घालावे.

पायरी 4 : एकाच उपकरणावर नव्याने भरा

आता फक्त एकाच उपकरणाचे वाय-फाय सुरू करावे. नावाच्या रकान्यात @ आणि त्यापुढच्या भागासह पूर्ण नाव लिहावे. काही संस्थांत स्वतःच्या आवारात नुसते नाव चालते आणि त्यामुळे चुकीची सवय लागते. तोच माणूस दुसऱ्या संस्थेत गेला की निरोप कुठे पाठवावा हे तिथल्या सर्व्हरला समजत नाही. मेलचा पत्ता आणि वाय-फायचे नाव एकच असेल असेही गृहीत धरू नये, कारण @ नंतरचा भाग दोन्हींत वेगळा असू शकतो. संस्थेच्या सूचनापत्रात जे दिले असेल तेच भरावे.

पासवर्ड शक्यतो टाइप करावा आणि डोळ्याचे चिन्ह दाबून तो वाचून पाहावा. फोनचा कळफलक पहिले अक्षर स्वतःहून मोठे करतो, आणि दुसरीकडून उचलून चिकटवलेल्या पासवर्डामागे एखादी रिकामी जागा चिकटून येते. मेलचे पान ती रिकामी जागा कधी कधी स्वतःच काढून टाकते, वाय-फाय काढत नाही. नव्या पासवर्डात ₹ चे चिन्ह किंवा देवनागरी अक्षर घातले असेल, तर संकेतस्थळावर तो चालेल आणि एखाद्या उपकरणावर वाय-फायला चालणार नाही असेही होते, कारण अशा चिन्हांचे सांकेतिक रूपांतर सर्व उपकरणे सारखे करीत नाहीत. इंग्रजी कळफलकावरची साधी अक्षरे, अंक आणि चिन्हे वापरणे श्रेयस्कर.

अँड्रॉइडवर हाताने भरावयाचे रकाने साधारणपणे असे दिसतात. ओळखीची पद्धत आणि सर्व्हरचे नाव मात्र तुमच्या संस्थेने सांगितलेलेच घ्यावे. खालील नाव केवळ नमुन्यासाठी आहे.

```
EAP method: PEAP
Phase 2 authentication: MSCHAPV2
CA certificate: Use system certificates
Domain: radius.example.org
Identity: s2301@example.org
Anonymous identity: anonymous@example.org
```

`Anonymous identity` म्हणजे बाहेरच्यांना दिसणारे नाव. त्यातला @ नंतरचा भाग बरोबर असणे पुरेसे असते. खरे नाव आतल्या, झाकलेल्या निरोपातून जाते. `Domain` हा रकाना मात्र मनाने भरू नये आणि रिकामाही सोडू नये. कंटाळून प्रमाणपत्राची तपासणी टाळण्याचा सल्ला जुन्या लेखांत सापडतो. डिसेंबर 2020 मधील अद्ययावतीकरणापासून अँड्रॉइड 11 ने ती तपासणी वगळण्याचा पर्याय पिक्सेल फोनांवरून काढून टाकला, आणि ते योग्यच झाले. त्याच नावाचे बनावट जाळे कोणीही उभे करू शकतो, आणि एमएस-चॅप आवृत्ती 2 मधील उत्तर हाती लागले तर त्यातून पासवर्डाचा ठसा काढता येतो, हे 2012 साली उघडपणे दाखवले गेले आहे. पासवर्ड बदलल्यानंतरच्या घाईतच माणूस दिसेल त्या रकान्याला "हो" म्हणत जातो, म्हणून हे इथे सांगावेसे वाटले.

जोडणी झाली, तर त्याच उपकरणावर अर्धा तास काम करून पाहावे. मध्येच नकार आला, तर कोणते तरी दुसरे उपकरण अजून बोलते आहे असे समजावे. सर्व सुरळीत राहिल्यावर बाकीची उपकरणे एकेक करून घ्यावीत; प्रत्येकावर आधी जुनी जोडणी पुसावी आणि मगच वाय-फाय सुरू करून नवी भरावी.

मेल उघडतो आणि तरीही नकार येतो तेव्हा

वरचे सर्व नीट करूनही, मेलमध्ये खाजगी खिडकीतून प्रवेश मिळत असूनही, आणि एकाही उपकरणावर वाय-फाय जोडले जात नसल्यास दोष तुमच्याकडे नसण्याची शक्यता बरीच वाढते. याचे एक विशिष्ट कारण जाणून ठेवावे. एमएस-चॅप आवृत्ती 2 ला पासवर्डाचा एका ठरावीक पद्धतीचा ठसाच लागतो, तर संकेतस्थळाला दुसऱ्या पद्धतीचा ठसा पुरतो. ज्या संस्था ॲक्टिव्ह डिरेक्टरीऐवजी एलडॅप या दुसऱ्या प्रकारची नोंदवही वापरतात, तिथे पासवर्ड बदलणाऱ्या पानाने हे दोन्ही ठसे एकाच वेळी बदलायला हवेत. पानाने संकेतस्थळाचा ठसा बदलला आणि वाय-फायचा तसाच ठेवला, तर मेलला नवा पासवर्ड चालतो आणि वाय-फायला जुनाच चालत राहतो. ओळखण्याची खूण अगदी साधी आहे : एका उपकरणावर मुद्दाम जुना पासवर्ड एकदाच देऊन पाहावा. बदलानंतर एक दिवस उलटल्यावरही जुन्याने जोडणी झाली, तर हेच कारण बहुधा खरे. नवीन खात्यांत कधी वाय-फायचा हा ठसा मुळात तयारच झालेला नसतो, आणि मग फ्रीरेडियस या रेडियस सर्व्हरच्या नोंदीत `No NT-Password` असे शब्द दिसतात. यांवर वापरकर्त्याजवळ उपाय नाही. नोंदवही सांभाळणाऱ्यालाच तो करावा लागतो.

संगणक केंद्राकडे जाताना "वाय-फाय चालत नाही" असे न सांगता पुढीलप्रमाणे लिहून द्यावे. माझ्या अनुभवात अशा चिठ्ठीवर दहा मिनिटांत उत्तर मिळते, कारण शोधणाऱ्याला सर्व्हरच्या नोंदीत थेट त्या क्षणावर जाता येते.

```
वापरकर्तानाव : s2301@example.org
पासवर्ड बदलला : शुक्रवार, 17:05
शेवटचा नकार : सोमवार, 15:42, ग्रंथालय, पहिला मजला
उपकरण : अँड्रॉइड फोन, मॅक पत्ता (जोडणीच्या तपशिलातील)
मोबाइल डेटावरून, खाजगी खिडकीत मेल : उघडतो
बंद ठेवलेली इतर उपकरणे : लॅपटॉप, टॅबलेट
```

या चिठ्ठीत पासवर्ड लिहू नये, आणि कोणी मागितला तरी देऊ नये. सर्व्हरवर काम करणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. नोंदीत त्याला तुमच्या नावासमोर नकाराचे कारण आणि तो निरोप ज्या उपकरणाकडून आला त्याचा मॅक पत्ता दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या एनपीएस या रेडियस सर्व्हरवर नकाराची नोंद 6273 या क्रमांकाने येते; तिच्यातील कारण 16 म्हणजे नाव-पासवर्ड जुळले नाहीत आणि 36 म्हणजे खाते कुलूपबंद आहे. विंडोज लॅपटॉप असल्यास व्यवस्थापक म्हणून उघडलेल्या खिडकीत `netsh wlan show wlanreport` ही आज्ञा देऊन तयार होणारा अहवाल सोबत नेता येतो. लॅपटॉपने कधी आणि किती वेळा प्रयत्न केला, हे त्यात क्रमाने दिसते.

वरच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत नोंदीत दोन मॅक पत्ते होते. एक लॅपटॉपचा, अपुऱ्या नावासह. दुसरा तिने आधी न सांगितलेल्या फोनचा, पूर्ण नावासह पण दर काही मिनिटांनी नकार मिळवणारा. फोनचे वाय-फाय बंद केले, कुलूप काढले, लॅपटॉपवर पूर्ण नाव भरले, आणि ती जोडली गेली. फोनची जुनी जोडणी पुसायला मग सवडीने दोन मिनिटे पुरली. पुढच्या वेळी तिने क्रम उलटा केला : आधी सगळ्या उपकरणांवरची जोडणी पुसली, मग मोबाइल डेटावरून पासवर्ड एकदाच बदलला, तासभर थांबली, आणि त्यानंतर एकेक उपकरण नव्या पासवर्डाने जोडत गेली.